पहिलंच कर्ज घेतेय: करारातलं व्याज, फी, दंड पप्पांना एका पानावर कसं समजावू?

बावड्याची_अश्विनी
नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजवर बँकेचं कर्ज कुणी घेतलेलं नाही. पप्पांचा सगळा व्यवहार भिशीवर नाहीतर हातउसन्यावर. आता कसबा बावड्यातल्या घराच्या माडीचा स्लॅब गळायला लागलाय. पावसाळ्याआधी काम उरकायचं म्हणून मी माझ्या पगारावर ४ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतेय, ३६ महिन्यांसाठी. बँकेचं नाव टाकत नाही. देशभर शाखा असलेली खासगी बँक आहे.

कराराची पीडीएफ आलीय. मुंगीएवढी अक्षरं आणि सगळं इंग्रजी. पप्पा म्हणाले, "मला एका पानावर मराठीत लिहून दे. हातात किती येणार, परत किती द्यायचे, हप्ता चुकला तर काय आणि मधेच सगळे भरले तर काय." मी लिहायला बसले आणि तिथंच अडकले.

करारात व्याज १२ टक्के ठरीव दरानं लिहिलंय. पण सोबत केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा गोषवारा असलेला कागद आहे, त्यावर एपीआर म्हणून १४.८६ टक्के आहे. खरं कुठलं? हप्ता ₹१३,२८६ आहे, पण वेळापत्रकात पहिला हप्ता ₹१५,३९० दाखवलाय. छापताना चुकलंय का? आणि बँकेचा माणूस म्हणतोय, उद्याच सही करा, नाहीतर ऑफर जाईल.

शाहूपुरीचा_शाम्या
उद्याच सही करा म्हणजे परवा त्याचं टार्गेट संपतंय ताई. तुमची ऑफर कुठं जात नाही.

शिरोळचा_ऊसवाला
एवढ्या व्याजाला कशाला जाताय? विकास सोसायटीतून पीक कर्ज काढा. ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याजाचा परतावा मिळतो, पंजाबराव देशमुख योजनेतून. आम्ही दरवर्षी करतो. कारखान्याचं बिल आलं की परस्पर वळतं होतंय, हप्त्याची कटकट नाही.

शाहूपुरीचा_शाम्या
दादा, त्यांनी माडीच्या स्लॅबवर ऊस लावायचा काय?

निवृत्त_शाखाधिकारी
अश्विनीताई, दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. १२ टक्के हा व्याजाचा दर. त्यावरून तुमचा हप्ता ठरतो. १४.८६ मध्ये त्या दरासोबत बँकेनं सुरुवातीलाच कापून घेतलेली रक्कमही धरलेली असते. केएफएसमध्ये 'फी आणि शुल्क' असा तक्ता असेल, तो जसाच्या तसा इथं टाका. मग सांगतो.

आणि घाईचं म्हणाल तर सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाचा केएफएस दिल्यावर कर्जदाराला विचार करायला निदान ३ कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत. तेवढ्या काळात तुम्ही हो म्हटलं तर बँकेला त्याच अटींवर कर्ज द्यावं लागतं. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना लागू आहे. केएफएसवरची तारीख बघा आणि त्या माणसाला शांतपणे दाखवा.

दुसरं म्हणजे हा कागद कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचा असतो. मराठीत मागा. पप्पांचं निम्मं काम तिथंच होईल.

बावड्याची_अश्विनी
धन्यवाद काका. तक्त्यात असं आहे:
प्रोसेसिंग फी २ टक्के, म्हणजे ₹८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ₹१,४४०. पुढं 'तिसऱ्या पक्षाचं शुल्क' म्हणून कर्ज विम्याचा हप्ता ₹६,५६०. खात्यात जमा होणार ₹३,८४,०००.

विम्याचं मला कुणी काही बोललंच नव्हतं. विचारलं तर म्हणतोय, "मॅडम, ते कंपल्सरी असतंय."

गणिती_गुरव
मग हिशोब जुळतो. ८,००० अधिक १,४४० अधिक ६,५६० म्हणजे बरोबर १६,०००. तुमच्या हातात येणार ३ लाख ८४ हजार, पण हप्ता बसणार पूर्ण ४ लाखांवर. म्हणजे जे १६ हजार तुम्ही बघितलेसुद्धा नाहीत, त्याचंही व्याज तीन वर्षं भरायचं. तो फरक दरात बसवला की १२ चे १४.८६ होतात.

स्वतः पडताळायचं असेल तर कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=RATE(36,-13286,384000)*12
```

३६ हप्ते, दर महिन्याला जाणारी रक्कम, हातात आलेली रक्कम. उत्तर ०.१४८६ च्या आसपास येईल. ३८४००० च्या जागी ४००००० घातलंत तर बरोबर १२ टक्के मिळतील. विमा काढून टाकला तर हातात ३,९०,५६० येतील आणि तेच गणित १३.६७ टक्क्यांवर येईल. म्हणजे सव्वा टक्क्याच्या जवळपास एकटा विमाच खातोय.

पुण्यात_अडकलेला_कोल्हापूरकर
विम्याचं आमच्याकडंही हेच झालं होतं. कंपल्सरी असेल तर तसं बँकेच्या ईमेलवरून लेखी द्या म्हणालो. लेखी काही आलं नाही, दुसऱ्या दिवशी विमा नसलेला नवा केएफएस आला. तोंडी विचारू नका ताई, मेलच टाका.

निवृत्त_शाखाधिकारी
बरोबर सल्ला. फक्त एक सांगतो. विमा वाईट असतो असं नाही. घरात कमावणारं एकच माणूस असेल तर कर्जाएवढं संरक्षण असलेलं बरं. पण ते बँकेनं पुढं केलेल्याच कंपनीकडून, तिच्याच दरानं आणि कर्जातूनच कापून घ्यायचं, अशी सक्ती नाही. अश्विनीताईंचा आधीच टर्म विमा असेल तर याची गरजच काय?

गुजरीवाला
एवढी आकडेमोड करण्यापेक्षा आमच्या पतसंस्थेत या. ९ टक्के. विमा नाही, जीएसटीचं लफडं नाही. १२ टक्के देणारे लोक आहेत म्हणून बँका माजल्यात.

गणिती_गुरव
गुजरीवाले, ९ टक्के फ्लॅट की घटत्या शिलकेवर?

गुजरीवाला
फ्लॅटच की. साधं सरळ. ४ लाखाला वर्षाचे ३६ हजार, तीन वर्षांचे १ लाख ८ हजार. भागिले ३६. पोरगंबी सांगेल.

गणिती_गुरव
पोराला पुढचंही विचारूया. ५ लाख ८ हजार भागिले ३६ म्हणजे हप्ता १४,१११. बँकेचा १३,२८६. तुमचं ९ टक्क्याचं कर्ज १२ टक्क्याच्या कर्जापेक्षा महिन्याला सव्वाआठशेनं महाग पडतंय.

असं होतं कारण बँकेच्या कर्जात पहिल्या महिन्याला ४ लाखांवर एक टक्का, म्हणजे ४,००० व्याज जातं आणि ९,२८६ मुद्दलात. दुसऱ्या महिन्याला उरलेल्या ३,९०,७१४ वर व्याज, म्हणजे ३,९०७. मुद्दल कमी होत जातं तसं व्याजही उतरतं. फ्लॅटमध्ये शेवटच्या महिन्यात मुद्दल जेमतेम एका हप्त्याएवढं उरलेलं असतानाही तुम्ही ४ लाखांचंच व्याज भरत असता. तुमचे ९ टक्के घटत्या शिलकेवर सव्वासोळाच्या आसपास जातात.

गुजरीवाला
पण आमच्याकडं माणूस ओळखीचा असतोय. दोन हप्ते मागंपुढं झाले तर कोण दारात येत नाही. त्याची किंमत कुठल्या फॉर्म्युल्यात बसवणार गुरव?

गणिती_गुरव
नाही बसवता येत, हे मान्य.

निवृत्त_शाखाधिकारी
त्यात एवढंच घाला की पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. त्यामुळं केएफएस देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. सहकारी बँकांवर मात्र आहे. बरेच जण दोन्ही एकच समजतात. पतसंस्थेत गेलात तर हा तक्ता तुम्हालाच बनवून घ्यावा लागेल.

आता पहिला हप्ता. अश्विनीताई, कर्ज वाटपाची तारीख काय धरलीय आणि हप्त्याची तारीख काय?

बावड्याची_अश्विनी
वाटप २० जानेवारी. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला, पहिला ५ मार्चला.

निवृत्त_शाखाधिकारी
मग छापताना चूक नाही. ५ फेब्रुवारी ते ५ मार्च हा पूर्ण महिना नेहमीच्या हप्त्यात बसतो. त्याआधीचे २० जानेवारी ते ४ फेब्रुवारी हे १६ दिवस उरतात, त्यांचं व्याज वेगळं लागतं. ४ लाखांवर १२ टक्क्यांनी वर्षाचे ४८ हजार, भागिले ३६५, गुणिले १६. येतात ₹२,१०४. ते १३,२८६ मध्ये मिळवा, १५,३९० होतात. याला तुटक दिवसांचं व्याज म्हणतात. काही बँका ते पहिल्या हप्त्यात घालतात, काही वाटपाच्या वेळीच कापून घेतात.

यात एक गोष्ट तपासा. पैसे खात्यात प्रत्यक्ष कधी येतात? सही १८ ला झाली आणि पैसे २४ ला आले तर व्याज २४ पासूनच लागलं पाहिजे. करार झाल्या तारखेपासून किंवा सबंध महिन्याचं व्याज लावायची काही ठिकाणची सवय रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून बंद करायला लावलीय. पैसे उशिरा आले तर वेळापत्रक नवीन मागा, जुन्यावर राहू नका.

तांबडा_पांढरा
ताई, एक आनंदाची बातमी. १ जानेवारी २०२६ पासून मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावायला रिझर्व्ह बँकेनं बंदीच घातलीय. करारात काहीही लिहिलेलं असू दे, फोरक्लोजर चार्ज शून्य. बोनस आला की सगळं भरून मोकळं व्हा. नाद खुळा निर्णय.

बावड्याची_अश्विनी
खरंच? करारात तर १२ हप्त्यांआधी फेडता येणार नाही आणि नंतर फेडलं तर उरलेल्या मुद्दलाच्या ४ टक्के अधिक जीएसटी असं आहे. आणि कर्ज तर जानेवारी २०२६ मधलंच आहे.

वकीलबाई_ताराबाईपार्क
थांबा. तांबडा_पांढरा अर्धंच सांगतायत. बंदी आहे ती बदलत्या दराच्या कर्जावर. अश्विनीताईंच्या करारात 'ठरीव दर' लिहिलंय. ठरीव दराच्या कर्जावर बँक आपल्या धोरणाप्रमाणं फोरक्लोजर चार्ज लावू शकते, फक्त तो केएफएसमध्ये दाखवलेला पाहिजे. बहुतेक वैयक्तिक कर्जं ठरीव दराची असतात, त्यामुळं ही बातमी वाचून खूश झालेल्या निम्म्या लोकांना ती लागूच होत नाही.

तांबडा_पांढरा
बातमीत असं कुठं लिहिलं नव्हतं. हेडिंगमध्ये सरळ 'सर्व कर्जदारांना दिलासा' होतं.

शाहूपुरीचा_शाम्या
हेडिंगवर कर्ज फेडायचं असतं तर मी कधीच मोकळा झालो असतो.

गणिती_गुरव
४ टक्के ऐकायला भीतीदायक वाटतं, म्हणून आकड्यात बघू. १२ हप्ते भरून झाल्यावर मुद्दल उरतं साधारण ₹२,८२,२३३. त्याचे ४ टक्के ११,२८९, जीएसटी धरून १३,३२१. त्याच दिवशी फेडलं नाही तर पुढच्या २४ हप्त्यांत जे व्याज जाणार ते ३६,६२४. म्हणजे दंड भरूनही २३ हजार वाचतात, जर पैसे तुमच्या हातात रिकामे पडून असतील तर. दुसऱ्या बँकेतून कर्ज काढून हे फेडणार असाल तर मात्र तिथली प्रोसेसिंग फी धरून हा फायदा बहुतेक जिरून जाईल.

शेवटच्या वर्षात हिशोब उलटायला लागतो. व्याजाचा मोठा वाटा आधीच भरून झालेला असतो, त्यामुळं दंड देऊन वाचतं फार थोडं. २४ हप्त्यांनंतर फेडायचा विचार आला तर आधी हेच गणित पुन्हा मांडा.

बावड्याची_अश्विनी
हे फार छान कळलं. आता दंडाचं. करारात दोन वेगवेगळ्या ओळी आहेत. एका ठिकाणी 'थकीत रकमेवर वार्षिक २४ टक्के दंडात्मक शुल्क' आणि दुसरीकडं 'मॅन्डेट परत गेल्यास प्रत्येक वेळी ₹५००'. पप्पा २४ टक्के वाचून म्हणाले, ही तर सावकारी झाली. कर्जच नको.

निवृत्त_शाखाधिकारी
पप्पांना सांगा, २४ टक्के ४ लाखांवर लागत नाहीत. तुमच्या करारात थकीत रकमेवर लिहिलंय, म्हणजे जो हप्ता चुकला तेवढ्यावरच. समजा पगार उशिरा झाला आणि ५ तारखेचा हप्ता १५ ला भरला. १३,२८६ वर २४ टक्क्यांनी १० दिवसांचे ₹८७ होतात. मॅन्डेट म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप ओढायला तुम्ही दिलेली परवानगी. ५ तारखेला खात्यात पैसे नव्हते म्हणून ते परत गेलं, त्याचे ५०० लागतात. काही बँका दोन-चार दिवसांनी परत प्रयत्न करतात, तोही फुकट गेला तर आणखी ५००. शिवाय ज्या बँकेत तुमचा पगार होतो तीही आपल्या बाजूनं परतीचा चार्ज लावू शकते. म्हणजे घाबरायचं ते २४ ला नाही, त्या ५०० ला.

उपाय साधा आहे. ५ तारखेला पगार झालेला असतो का?

बावड्याची_अश्विनी
७ ला होतो. कधी कधी ८.

निवृत्त_शाखाधिकारी
मग सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, बाकी सगळं नंतर. सही करायच्या आधी हप्त्याची तारीख १० करून घ्या. नाहीतर दर महिन्याला मागच्या पगारातले साडेतेरा हजार राखून ठेवावे लागतील, आणि ते राखले जात नाहीत हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघितलंय. तारीख बदलली की तुटक दिवस वाढतात, त्यामुळं पहिला हप्ता थोडा चढेल. तो चढू द्या.

दंडाबद्दल अजून एक. पूर्वी 'दंडव्याज' म्हणून दरातच दोन टक्के वाढवायचे आणि ते मुद्दलात मिसळून त्यावर परत व्याज चढायचं. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं ते थांबवलं. आता दंड वेगळा दाखवायचा आणि त्यावर व्याज लावायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण थकलेल्या हप्त्यावरचं मूळ व्याज चालूच राहतं, ते माफ होत नाही. तुमच्या करारात कुठं 'दंडव्याज' असा जुना शब्द उरलाय का बघा. जुन्या मसुद्यातलं कलम तसंच राहून जातं कधी कधी.

पुण्यात_अडकलेला_कोल्हापूरकर
बाउन्सच्या ५०० वर जीएसटीपण लावतात. माझ्या स्टेटमेंटमध्ये ५९० गेले होते.

वकीलबाई_ताराबाईपार्क
दंडात्मक शुल्कावर जीएसटी नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. बाउन्स चार्ज हाही दंडच आहे, म्हणून त्यावरही नको, असं माझं मत. बँका म्हणतात तो सेवेचा चार्ज आहे. यावर मी इथं शंभर टक्के सांगणार नाही. अश्विनीताईंनी केएफएसमध्ये ५०० च्या पुढं 'अधिक कर' लिहिलंय का तेवढं बघावं.

शिरोळचा_ऊसवाला
आमच्या सोसायटीत बाउन्स वगैरे काय नसतंय. मार्च अखेरीस सचिव स्वतः घरी येतोय.

शाहूपुरीचा_शाम्या
चहा कोण देतोय त्याला? तोच प्रोसेसिंग चार्ज.

बावड्याची_अश्विनी
पप्पांसाठी लिहिलेलं पान इथं टाकते. चुकलं असेल तर सांगा.

"कर्ज ४ लाख. हातात येणार ३ लाख ८४ हजार, विमा काढला तर ३ लाख ९० हजार ५६०. हप्ता ₹१३,२८६, एकूण ३६. पहिला हप्ता ₹१५,३९०, कारण आधीच्या १६ दिवसांचं व्याज. सगळे हप्ते मिळून ४ लाख ८० हजार ४००. व्याज १२ टक्के, ३ वर्षं तेच राहणार, वाढणार नाही आणि कमीपण होणार नाही. फी धरून खरा खर्च १४.८६ टक्के. हप्ता १० दिवस चुकला तर साधारण ५८७ रुपये जादा, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी सिबिलला दिसणार. पहिलं वर्ष संपायच्या आत फेडता येत नाही. वर्षानंतर सगळं फेडलं तर १३ हजार जादा, तरी फायदा. तारण काही नाही, घर गहाण नाही."

शेवटचं वाक्य पप्पांसाठी मुद्दाम घातलंय. त्यांना तीच धास्ती होती.

गणिती_गुरव
आकडे बरोबर. शेवटचा हप्ता दहा-बारा रुपयांनी कमी असेल, पैसे पूर्ण रुपयात केल्यामुळं.

वकीलबाई_ताराबाईपार्क
पान छान झालंय. घर गहाण नाही हे खरं, पण तारण नाही म्हणजे बँकेला काहीच हक्क नाही असं नाही. करारात 'सेट-ऑफ' नावाचं कलम असेल. त्याप्रमाणं त्याच बँकेत तुमची एफडी किंवा बचत असेल तर बँक थकबाकी त्यातून वळती करून घेऊ शकते. पप्पांची एफडी त्या बँकेत आहे का, आणि तुमचं नाव त्यावर जोडलेलं आहे का? असेल तर ते कलम नीट वाचा.

दुसरं, कराराच्या शेवटी परिशिष्ट असतं, त्यात चार्जेसची वेगळी यादी असते. ती केएफएसशी ओळीनं ताडून बघितलीत का? बहुतेक घोळ तिथंच असतो.

बावड्याची_अश्विनी
एफडी पप्पांच्या एकट्याच्या नावावर आणि दुसऱ्या बँकेत. ते ठीक आहे.
यादी आत्ता ताडली. परिशिष्टात 'दस्तऐवज शुल्क ₹७५०' आहे. केएफएसमध्ये ते कुठंच नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
मग ते देऊ नका. केएफएसमध्ये नसलेली फी कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पूर्ण मुदतीत कधीही घेता येत नाही. परिपत्रकात हे सरळ लिहिलंय.

वकीलबाई_ताराबाईपार्क
काका, तिथंच मेख आहे. बँक म्हणेल, तुम्ही ज्या करारावर सही केली त्यात ७५० लिहिलेले होते, तीच तुमची संमती.

निवृत्त_शाखाधिकारी
तेवीस-चोवीस पानांच्या तळाशी मारलेली एक सही म्हणजे स्पष्ट संमती? मला नाही पटत. मग केएफएस काढायचं कारणच काय उरलं?

वकीलबाई_ताराबाईपार्क
मलाही पटत नाही. पण ७५० रुपयांसाठी ही तरुण मुलगी लोकपालाकडं जाणार आहे का? त्यापेक्षा सहीच्या आधी मेल टाकून ती ओळ खोडायला लावा, किंवा केएफएसमध्ये चढवायला लावा. चढवली तर निदान एपीआर तरी खरा दिसेल. सही झाल्यावर भांडण्यापेक्षा हे सोपं.

गुजरीवाला
७५० रुपयांवर एवढी चर्चा फक्त कोल्हापुरातच होऊ शकते.

तांबडा_पांढरा
७५० मध्ये तीन माणसांचं मटणाचं ताट येतंय भावा. चर्चा होणारच.

बावड्याची_अश्विनी
मेल टाकला होता, उत्तर आलं. विमा काढला. हप्त्याची तारीख १० करून देतो म्हणाले. नवा केएफएस उद्या येईल, मराठीत मिळायला अजून दोन दिवस. दस्तऐवज शुल्काबद्दल "शाखेत येऊन बोला" एवढंच उत्तर आहे.

आणि आणखी एक. मॅन्डेटच्या फॉर्मवर कमाल रक्कम ₹२७,००० लिहिलीय. हप्ता १३ हजारांचा असताना २७ का?

निवृत्त_शाखाधिकारी
ती वरची मर्यादा असते. बँकेनं तेवढे ओढायचे असा अर्थ नाही, जेवढं देय आहे तेवढंच ओढायचं. थकलेला हप्ता आणि चालू हप्ता एकदम घेता यावा म्हणून दुप्पट घालतात. कमी करून मागू शकता, पण १३,२८६ घालू नका, नाहीतर तुटक व्याजासकटचा पहिला हप्ताच परत जाईल आणि ५०० चा भुर्दंड बसेल. तारीख १० झाल्यावर पहिला हप्ता किती येतो ते नव्या वेळापत्रकात बघा आणि त्याच्या थोडं वर ठेवा.

बावड्याची_अश्विनी
आधी वेळापत्रक येऊ दे, मग १७ हजार घालायला सांगते. सोमवारी शाखेत जातेय, ७५० चं काय होतंय ते इथंच टाकते.

शाहूपुरीचा_शाम्या
पप्पांना घेऊन जा. भिशी चालवलेल्या माणसासमोर ७५० टिकणार नाहीत.